मेसेज करावा की भेटून सांगावं?

प्रेम असल्याचं पहिल्यांदा मेसेजवर सांगणाऱ्याला आपल्याकडे सर्रास भित्रा ठरवतात. 'समोर येऊन बोलायची हिंमत नाही' हे वाक्य तयारच असतं. गंमत म्हणजे असं म्हणणारे काका-मावशी स्वतःच्या कॉलेजातल्या चिठ्ठीची गोष्ट मात्र रंगवून सांगतात. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेली, लायब्ररीच्या पुस्तकात ठेवलेली, मैत्रिणीच्या हातून पोचवलेली. चिठ्ठी लिहिणारा रसिक आणि मेसेज करणारा भित्रा, हा न्याय मला पटत नाही. पण चिठ्ठी आणि व्हॉट्सअ‍ॅप यांत एक मोठा फरक आहे, आणि कसं सांगायचं हे ठरवताना हिंमतीच्या चर्चेपेक्षा तो फरक समजून घेणं जास्त उपयोगाचं.

चिठ्ठी नेमकी कधी वाचली गेली हे लिहिणाऱ्याला कळत नसे. वाचणारीला दोन दिवस, आठवडा, हवा तेवढा वेळ मिळायचा आणि त्या वेळाचा हिशेब कुणाकडे नसायचा. मेसेजचं तसं नाही. एक करडी टिक म्हणजे आपल्याकडून गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, आणि नोव्हेंबर २०१४ पासून दोन निळ्या म्हणजे उघडून पाहिला. पाठवणारा बघतोय हे वाचणारीलाही माहीत असतं. त्यामुळे तिच्या गप्प राहण्यालाही अर्थ चिकटतो. निळ्या टिका सेटिंगमधून बंद करता येतात, पण ज्याच्याशी रोज बोलतो त्याच्या बाबतीत हे आधीच ठरून गेलेलं असतं. आज अचानक टिका बंद केल्या तर तीही बातमीच.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, राहतो पुण्यात. ती नाशिकला फिजिओथेरपिस्ट. कुणाच्या तरी लग्नात ओळख झाली. आठ महिने रोज मेसेज, आठवड्यातून एखाददोन फोन, आणि प्रत्यक्ष भेट चार-पाच वेळा. घरी दोघांनीही काही सांगितलेलं नाही. त्याची खात्री झाली आहे, तिचीही झाली असावी असं त्याला वाटतं. रात्री पावणेबाराला त्याने सहा-सात ओळी लिहून ठेवल्या आहेत आणि त्या न पाठवता चॅटमध्ये 'ड्राफ्ट' म्हणून पडून आहेत. येत्या रविवारी ती एका कार्यशाळेसाठी पुण्याला यायची आहे. मेसेज आत्ता पाठवायचा, की रविवारी भेटून बोलायचं?

आत्ता पाठवला तर काय होईल ते आधी पाहू. तिचा फोन चार्जिंगला स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ लावलेला असू शकतो. लॉक स्क्रीनवर नाव आणि पहिली ओळ दिसते. धाकट्या भावाला पॅटर्न माहीत असतं, आईची नजर सहज जाते. ज्या गोष्टीवर आधी तिने विचार करायचा, ती गोष्ट घराला तिच्याबरोबरच किंवा तिच्याही आधी कळू शकते. आपल्याकडे एकाच घरात चार माणसं आणि चारही फोन एकाच टेबलावर असतात, त्यामुळे हा धोका मला किरकोळ वाटत नाही.

दुसरी शक्यता अशी, की तिने मेसेज सकाळी क्लिनिकमध्ये उघडला. समोर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा व्यायामासाठी बसलेत. तिने वाचला, फोन खिशात टाकला आणि कामाला लागली. मनात आलं असेल, 'दुपारी शांतपणे लिहीन.' इकडे याच्या फोनवर दोन निळ्या टिका उमटल्या आहेत. अर्धा तास गेला. ती ऑनलाइन आली, गेली. मध्येच 'टायपिंग' दिसलं आणि थांबलं. आता हा माणूस जे काही करेल त्यातलं बहुतेक चुकीचं असेल. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुसरा मेसेज: 'सॉरी, विसरून जा, असंच लिहिलं.' तिने दुपारी 'हो' लिहायचं ठरवलं असेल, तर आता तिला एकाच माणसाच्या दोन उलट मेसेजना उत्तर द्यायचं आहे. यातला खरा कोणता मानायचा?

'डिलीट फॉर एव्हरीवन' हा मार्ग असतोच, असं पुष्कळांना वाटतं. पाठवल्यावर दोन दिवसांहून थोड्या जास्त काळापर्यंत मेसेज पुसता येतो हे खरं, आणि २०२३ पासून पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्तही करता येतो. पण पुसलेल्या जागी मेसेज पुसल्याची ओळ तशीच राहते, आणि दुरुस्त केलेल्या मेसेजखाली तसा शिक्का दिसतो. नोटिफिकेशनमध्ये मजकूर आधीच वाचला गेला असेल तर पुसून काहीच हाती लागत नाही. उलट, रात्री बाराला पुसलेला मेसेज हा न पुसलेल्या मेसेजपेक्षा जास्त प्रश्न उभे करतो.

इथवर वाचून वाटेल की मी भेटीच्या बाजूने आहे. साधारण आहे, पण लिहिण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात टेलर वेल्स आणि अ‍ॅलन डेनिस या दोन संशोधकांनी ७२ तरुण-तरुणींवर एक प्रयोग केला. त्याचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ई-मेल लिहायला सांगितला, काहींना फोनवर निरोप रेकॉर्ड करायला. मजकूर काहींसाठी कामाचा, काहींसाठी प्रेमाचा. चेहऱ्यावर आणि पायांवर संवेदक लावून शरीर किती उत्तेजित होतं ते मोजलं. आवाजात प्रेमाचा निरोप ठेवणारे जास्त हेलावतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. लिहिणारेच जास्त हेलावले होते आणि त्यांचे शब्दही अधिक उत्कट, अधिक विचारपूर्वक होते. लिहिताना आवाजाचा आधार नसतो म्हणून माणूस शब्दांत जास्त ओततो, पाठवण्याआधी बदलतो, वाचून बघतो, असं संशोधकांचं म्हणणं. तेव्हा चाकणच्या त्या तरुणाच्या सहा-सात ओळी वरवरच्या असतील असं मानायचं कारण नाही. त्याने आतापर्यंत बोललेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्या जास्त खऱ्या असू शकतात.

अडचण लिहिणाऱ्याच्या बाजूला नाहीच. ती वाचणाऱ्याच्या बाजूला आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ सालचा एक अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या आणि एकाने दुसऱ्याला काही वाक्यं पाठवायची: काही मनापासूनची, काही उपरोधाची. समोरच्याने ओळखायचं की हे खरं आहे की टोमणा. ई-मेलने पाठवणाऱ्यांना वाटत होतं की शंभरातली साधारण ७८ वाक्यं बरोबर ओळखली जातील. प्रत्यक्षात ओळखली गेली ५६, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तर जेमतेम त्याच्या पुढे. आवाजात पाठवली तेव्हा हाच आकडा ७३ च्या आसपास होता. लिहिताना आपल्या डोक्यात आपला स्वर वाजत असतो. तो कागदावर उतरलेला नाही हे लक्षात येत नाही, कारण वाचतानाही आपल्याला तो ऐकू येतो.

आता आपल्या चॅटची भाषा आठवा. 'लव्ह यू यार' हे नोट्स पाठवणाऱ्या मित्रालाही म्हटलं जातं. लाल बदाम वाढदिवसाला, बढतीला, पुरणपोळीच्या फोटोलाही टाकतात. आठ महिने ज्या दोघांनी एकमेकांची टिंगल करत गप्पा मारल्या आहेत, त्यांच्यातला एक जण अचानक गंभीर होतो तेव्हा समोरच्याला पहिली शंका येते ती 'हा चेष्टा करतोय का?' हीच. ती सुरक्षित म्हणून एक हसरा चेहरा पाठवते. तो त्याला नकार समजतो. दोघांनाही जे म्हणायचं होतं ते कुणीच म्हटलेलं नसतं, पण दोघंही दुखावलेले असतात. मेसेजवर सांगून फसलेल्या बऱ्याच गोष्टी नकाराने फसलेल्या नसतात. गंभीरपणा पोचलाच नाही, एवढंच झालेलं असतं.

म्हणून भेटून सांगावं. पण भेटून सांगण्यातही एक दोष आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. समोरासमोर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं की पुढच्या तीन सेकंदांत समोरच्याच्या चेहऱ्याला काहीतरी करावं लागतं. सांगणाऱ्याने कित्येक आठवडे तयारी केलेली असते, ऐकणारीला तीन सेकंद मिळतात. ती भली असेल, समोरच्याला दुखवायला नको अशी असेल, तर त्या तीन सेकंदांत तिच्या तोंडून 'मलाही' निघून जाऊ शकतं. पुढचे दोन महिने मग ते शब्द कसे मागे घ्यायचे या विवंचनेत जातात. किंवा ती गडबडून 'अरे, काहीतरीच काय!' म्हणते, आणि जे प्रत्यक्षात होतं ते सांगायची वेळ निघून जाते. मेसेजची मोठी सोय हीच होती, की उत्तर लगेच द्यावं लागत नव्हतं.

म्हणजे खरं तर इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेले आहेत. सांगायचं कसं, हा एक. उत्तर द्यायला जागा कशी ठेवायची, हा दुसरा. सांगायला भेट चांगली, कारण स्वर, चेहरा, थांबणं हे सगळं पोचतं. उत्तराला सवड चांगली. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी साधता येतात. त्यासाठी दिवस नीट आखावा लागतो, आणि प्रेमात आखणी कसली करायची असं म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग सोडून द्यावा.

आपल्या उदाहरणातला रविवार घेऊ. तिची कार्यशाळा दुपारी एकला संपते. परतीची एसटी संध्याकाळी सहाची, वाकडेवाडीहून. मधले चार-पाच तास दोघांचे आहेत. भेटल्या भेटल्या, दीड वाजता जेवायला बसताना सांगितलं तर काय होईल? तिला लगेच 'हो' म्हणायचं असेल तर उत्तम, दुपार सोन्याची. पण तिला विचार करायचा असेल तर पुढचे चार तास दोघांनी काय करायचं? थाळी संपवायची, इकडच्या-तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि ते वाक्य टेबलावर तसंच पडलेलं. बरं, उलट टोकाला जाऊन बस फलाटाला लागल्यावर, ती पायरीवर चढताना सांगितलं तर? सिनेमात छान दिसतं. प्रत्यक्षात मात्र मेसेजवर सांगण्यासारखंच ते, शब्द टाकायचे आणि पळायचं. शिवाय कंडक्टर ओरडत असतो.

सगळ्यात चांगली वेळ बस सुटायच्या साधारण तासभर आधीची. स्टँडजवळच्या एखाद्या बऱ्यापैकी शांत चहाच्या ठिकाणी. सांगायला दहा मिनिटं पुरतात, तिला काही विचारायचं असेल तर अर्धा तास आहे, आणि काहीच बोलायचं नसेल तर निघायची वेळ आपोआप होते. नंतर नाशिकपर्यंतचा चार-पाच तासांचा प्रवास तिचा एकटीचा. खिडकीशी बसून तिला हवं ते ठरवता येतं, आणि तेव्हा तिचा चेहरा कुणी बघत नसतो.

जागेबद्दल एक नियम मी ठामपणे सांगेन, कारण तो मोडताना फार वेळा पाहिला आहे. समोरच्याला स्वतःहून उठून जाता येईल अशीच जागा निवडावी. मुलगा मुलीला बाईकवर मागे बसवून सिंहगडावर नेतो आणि वर जाऊन सांगतो. त्याला दृश्य रम्य वाटतं, पण तिचं घरी परतणं त्याच्या बाईकवर अवलंबून आहे. 'नाही' म्हणून पुन्हा त्याच्याच मागे बसून तासभर उतरायचं, हे कुणाच्या पदरी येऊ नये. तिच्या हातात परतीचं तिकीट असणं, रिक्षा मिळणारा रस्ता जवळ असणं, आजूबाजूला तुरळक का होईना माणसं असणं, यामुळे तिचं उत्तर खरं येण्याची शक्यता वाढते. त्याच न्यायाने खूप गर्दीचं, मित्रांनी वेढलेलं ठिकाणही नको. गॅदरिंगच्या स्टेजवर गुडघा टेकणाऱ्यांना टाळ्या मिळतात, पण तिथे आलेलं 'हो' कशामुळे आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि बोलताना एक वाक्य विसरू नये, खरं तर तेच आधी पाठ करावं: 'आज उत्तर नको.' हे शब्द खरेही असावे लागतात. 'उत्तर नको' म्हणून तिच्याकडे एकटक बघत बसलं तर त्याला अर्थ राहत नाही. बाकी काय बोलायचं ते त्या ड्राफ्टमध्ये आहेच. तो मेसेज वाया गेलेला नाही. लिहिताना सापडलेली दोन-तीन वाक्यं तोंडी म्हणायची. सगळा मजकूर पाठ केला तर पुस्तकी वाटतो, म्हणून कधीपासून वाटतंय आणि कशामुळे वाटतंय, एवढंच पुरे.

अवघडलेपणाची भीती मात्र जेवढी वाटते तेवढी खरी ठरत नाही. अमित कुमार आणि वर उल्लेख आलेले एप्ली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायचा होता, कुणी फोनवर, कुणी ई-मेलने. फोन जास्त अवघड जाईल असा लोकांचा अंदाज होता आणि म्हणून अनेकांचा कल लिहिण्याकडे होता. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना जास्त अवघडल्यासारखं झालं नाही, आणि जवळीक मात्र जास्त वाटली. जुना मित्र आणि प्रेमाची पहिली कबुली यांत फरक आहे, हे मान्य. पण भीतीचा अंदाज फुगलेला असतो एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता मेसेजच योग्य ठरतो अशा काही परिस्थिती. एक म्हणजे अंतर. ती टोरंटोत, तो सोलापुरात, पुढची भेट डिसेंबरात. तोवर थांबणं हा हट्टच. इथे मी मेसेजपेक्षा फोनला पसंती देईन. व्हिडिओ कॉलला नाही, कारण त्यात स्वतःचाही चेहरा कोपऱ्यात दिसत राहतो आणि तो अशा वेळी पाहवत नाही. तिथली तिची वेळ बघून, ती कामावर निघायच्या आधी नाही आणि झोपायच्या वेळीही नाही, असा फोन करावा. व्हॉइस नोट हा मधला मार्ग बराच लोकप्रिय आहे आणि त्यात स्वर पोचतो हे खरंच. पण ती पुढे पाठवता येते, मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये ऐकवता येते, आणि मध्येच थांबवून 'म्हणजे काय?' असं विचारता येत नाही.

दुसरी परिस्थिती, समोरच्या माणसावर दडपण येण्याची. एकाच ऑफिसात असाल, त्यातही एक जण दुसऱ्याचा वरिष्ठ असेल, तर समोर बसवून सांगणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं. लेखी, साधा, उत्तराची सक्ती नसलेला मेसेज तिथे जास्त सभ्य. काही वेळा तर न सांगणंच. ज्यांना अडखळत बोलण्याचा त्रास आहे, किंवा भावनिक गोष्ट तोंडाने बोलताना ज्यांची वाचा बसते, त्यांनीही स्वतःवर समोर बोलण्याची जबरदस्ती करू नये. त्यांनी एक करावं: भेटीत कागदावर लिहिलेलं हातात द्यावं. कागदाला निळ्या टिका नसतात आणि स्क्रीनशॉटही निघत नाही.

स्क्रीनशॉटची गोष्ट निघाली म्हणून. मुलाला मुलगा किंवा मुलीला मुलगी आवडत असेल, तर हा प्रश्न वेगळ्याच वजनाचा होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध बाहेर काढले, त्यामुळे कायद्याची भीती गेली. घराची आणि कॉलेजच्या ग्रुपची गेलेली नाही. इथे लेखी मेसेज म्हणजे कुणाच्या तरी हातात कायमचा पुरावा. पूर्ण विश्वास असल्याशिवाय तो देऊ नये. अशा वेळी भेटून, थेट प्रेमाऐवजी आधी स्वतःबद्दल सांगून समोरच्याचा कल पाहणं जास्त शहाणपणाचं.

सांगून झाल्यावरचे दिवस हा भागही ठरवून ठेवावा लागतो. 'उत्तर नको' म्हणालात तर निदान आठवडाभर त्या विषयावर मेसेज नको. रोजच्या साध्या गप्पा चालतील, तिने सुरू केल्या तर. आठवड्यानंतर एकदा विचारायला हरकत नाही. आणि स्पष्ट 'नाही' आलं तर तिथे थांबायचं. एखाद्या स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, मग तो संपर्क प्रत्यक्ष असो वा मोबाइलवरून. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'नाही म्हणजे अजून विचार करते आहे' हा सिनेमातून उचललेला समज या बाबतीत फार महागात पडतो.

राहिले ते लोक ज्यांनी हे वाचायच्या आधीच रात्री मेसेज पाठवून टाकला आहे. त्यांनी तो पुसू नये, आणि पाठोपाठ सारवासारवही करू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपावं. दुसऱ्या दिवशी, तिचं काम संपायच्या वेळेनंतर, एकच ओळ पाठवावी: 'काल लिहिलं ते मनापासून होतं. घाई नाही. रविवारी भेटशील तेव्हा बोलू, किंवा तुला हवं तेव्हा.' एवढ्याने कालचं गंभीर होतं हे पक्कं होतं, आणि रविवारची भेट तिच्या सोयीवर सोडली जाते. ती रविवारी नेहमीसारखी आली, तर चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य बहुतेक तीच बोलेल.